रात्री दोनची यादी आणि माफीचा मेल

जून 2025 मधला हा प्रसंग आहे. बाणेरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी क्यूए लीड, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख, आहे. आमचा एक ग्राहक पुण्यात घरोघरी दुधाचा रतीब घालतो. कोथरूड, वारजे आणि सिंहगड रस्ता मिळून 2,180 घरं, तीन डेपो, आणि पहाटे साडेचारला क्रेट घेऊन निघणारी मुलं. रतीब लावणं, खाडा टाकणं, लिटर वाढवणं, हे सगळं लोक ॲपवरून करतात. त्यावरून रोज रात्री दोन वाजता त्या दिवसाची वाटप यादी आपोआप तयार होते. साडेतीनला डेपोचे सुपरवायझर ती छापून घेतात.

गुरुवारी, 12 जूनला रात्री नऊ वाजता आम्ही एक रिलीज केलं. त्यात पत्ता बदलण्याची नवी स्क्रीन होती आणि सर्व्हरची बेस इमेज बदलली होती. बेस इमेज म्हणजे आपला प्रोग्राम ज्या तयार पायावर चालतो तो पाया. जुना पाया अवजड होता, नवा सुटसुटीत. रिलीजच्या कागदात त्यापुढे लिहिलं होतं, ‘कामकाजात बदल नाही’. त्या ओळीवर माझीही सही होती.

रविवारी सकाळी सव्वासातला दुधाच्या धंद्याच्या मालकांचा फोन आला. वारज्याच्या सुपरवायझरने छापील यादीचा फोटो पाठवला होता. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख होती 14 जून. त्या दिवशी 15 तारीख होती. म्हणजे रविवारी शनिवारची यादी वाटली गेली होती. मागे जाऊन पाहिलं तर शनिवारी शुक्रवारची आणि शुक्रवारी गुरुवारची.

तीन सकाळी हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणीही विचारेल. कारण कालची यादी आणि आजची यादी नव्वद टक्क्यांहून जास्त सारखीच असते. ज्यांचा रोजचा एक लिटरचा रतीब आहे त्यांना काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो त्या दिवशी काही बदललं होतं अशा घरांना. शाळा सुरू होण्याआधीचा तो शेवटचा शनिवार-रविवार होता. सुट्टीत गावी गेलेली माणसं परतत होती आणि ‘शनिवारपासून दूध सुरू’ असं ॲपवर टाकत होती. त्यांना शनिवारी दूध मिळालं नाही, रविवारी मिळालं. कुणी शनिवार-रविवारचा खाडा टाकून महाबळेश्वरला गेलं होतं. त्यांच्या दाराला शनिवारी पिशवी लटकत राहिली. एक दिवसाआड दूध घेणारी 46 घरं आहेत. त्यातल्या निम्म्यांना शुक्रवारी सलग दुसऱ्या दिवशी दूध आलं, निम्म्यांची पाळी चुकली. शनिवारपासून त्यांचं एक दिवसाआड पुन्हा बिनबोभाट सुरू झालं, फक्त एका दिवसाने मागे सरकून. म्हणून शुक्रवारचा ओरडा शनिवारी कमी झाला आणि सगळ्यांना वाटलं की पोरांनीच गडबड केली असणार, आता सुधारली.

मालक फोनवर जे बोलले ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे: “ताई, तीन दिवस मी पोरांवर ओरडतोय. एकाची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली काल.”

सकाळी दहाच्या आत मी एक छोटा मेल पाठवला. त्यात चारच गोष्टी होत्या: तीन दिवस आदल्या दिवसाची यादी वाटली गेली आहे, चूक आमच्या प्रणालीत आहे, आज रात्रीची यादी आम्ही स्वतः जागून तपासणार आहोत, आणि कारणासह पूर्ण मेल उद्या दुपारी बाराच्या आत येईल. कारण त्यात मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते चुकीचं निघालं असतं.

कारण मला आधी वेगळंच वाटत होतं. पहिल्या मसुद्यात मी लिहून टाकलं होतं की आमचं स्टेजिंग, म्हणजे चाचणीचा सर्व्हर, आणि प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहकाचं खरं काम चालतं तो सर्व्हर, यांच्या सेटिंगमध्ये फरक होता म्हणून चूक चाचणीत दिसली नाही. असं कारण पटकन सुचतं आणि ऐकणाऱ्यालाही पटतं. मेल पाठवण्याआधी सहज स्टेजिंगवर जाऊन वेळ विचारली. घड्याळात सकाळचे 9:41 झाले होते.

```
$ date
Sun Jun 15 04:11:52 UTC 2025
```

स्टेजिंगही प्रॉडक्शनसारखंच यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालत होतं, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. फरक नव्हताच. दोन्हीकडे तीच चूक बसलेली होती आणि तरीही आमची चाचणी पास झाली होती.

मग नीट बघितलं. जुन्या बेस इमेजमध्ये कुणीतरी कधीकाळी `TZ=Asia/Kolkata` असं लिहून ठेवलं होतं. नव्या इमेजमध्ये ती ओळ नव्हती. यादी बनवणाऱ्या प्रोग्रामात ‘आज’ ठरवणारी ओळ ही:

```java
LocalDate today = LocalDate.now();
```

यात कुठल्या गावाचं ‘आज’ ते सांगितलेलं नाही. सर्व्हर ज्या वेळेवर चालतो तिथलं ‘आज’ हा प्रोग्राम घेतो. काम सुरू करणारा शेड्युलर मात्र वेगळा होता. त्याला `timeZone: "Asia/Kolkata"` असं स्वतंत्र सांगितलेलं होतं, म्हणून तो बरोबर पुण्याच्या दोन वाजता काम सुरू करत होता. पण ती सूचना फक्त काम कधी सुरू करायचं एवढ्यापुरती असते. आत चालणाऱ्या प्रोग्रामापर्यंत ती पोचत नाही. पुण्यात शुक्रवारचे पहाटेचे दोन वाजलेले असताना यूटीसीमध्ये गुरुवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. प्रोग्राम म्हणाला, आज गुरुवार. आणि गुरुवारची यादी पुन्हा काढून दिली.

आता आमची चाचणी. माझ्या टीममधल्या मुलीने यादीचं काम तपासलं होतं, बुधवारी सकाळी 11:40 ला, ‘आता चालवा’ हे बटण दाबून. यादी आली, तारीख बरोबर, खाडे बरोबर. तिने केलं ते तिच्या परीने योग्यच होतं. पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत यूटीसीची आणि आपली तारीख एकच असते. वेगळी असते ती फक्त मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच. आम्ही कचेरीत दहा ते सात असतो. त्या वेळात हे बटण वर्षभर दाबलं असतं तरी ही चूक दिसली नसती. आणि स्टेजिंगची मशीन खर्च वाचवायला रात्री आठला बंद करायची हे मागच्या वर्षी ठरलं होतं, तेही माझ्या संमतीनेच. त्यामुळे यादीचं काम त्याच्या खऱ्या वेळेला आमच्याकडे कधीच चाललेलं नव्हतं.

मेलसाठी मला हेच कारण लागणार होतं. ‘टाइमझोनची चूक’ हे कारण खरं असलं तरी अर्धंच आहे. प्रोग्रामात चूक का झाली याचं उत्तर वेगळं आणि ती तपासणीतून सुटून बाहेर कशी गेली याचं वेगळं. क्यूए लीडने लिहिलेल्या मेलमध्ये दुसरं उत्तर नसेल तर तो मेल डेव्हलपरने लिहिला काय किंवा मी लिहिला काय, सारखंच.

दुसरा मसुदा मी आमच्या डिलिव्हरी मॅनेजरला दाखवला. त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या. एक, ग्राहकाने स्वतः चाचणी करून रिलीजला मंजुरी दिली होती, ते लिहूया. खरंच दिली होती, दुपारी चार वाजता. पण आम्हालाच जे दिवसा दिसणं शक्य नव्हतं ते त्यांना दिसायला हवं होतं असं म्हणणं म्हणजे आपलं झाकायला दुसऱ्याचं उघडं करणं. ते काढलं. दोन, ‘असं पुन्हा कधीही होणार नाही’ असं लिहूया. तेही नको म्हटलं, कारण उरलेली चार रात्रीची कामं तपासून व्हायची होती. तीन, भरपाईबद्दल मी एक अक्षरही लिहू नये, ते मॅनेजर फोनवर बोलतील. हे त्यांचं बरोबर होतं. पैशाचा शब्द देण्याचा अधिकार माझा नाही, आणि अधिकार नसताना दिलेला शब्द नंतर मागे घ्यावा लागला तर माफीपेक्षा ते जास्त लागतं.

इमेज बदलणाऱ्या मुलाचं नावही आधीच्या मसुद्यात होतं, ‘आमच्या एका सहकाऱ्याकडून’ अशा सभ्य शब्दांत. ते मीच खोडलं. तिकडे एका पोराची मजुरी कापली गेलेली असताना इकडे आणखी एकाला पुढे करायचं, हे मला जमेना.

दुरुस्ती रविवारी दुपारी दीडला झाली. सर्व्हरवर `TZ` पुन्हा लिहून भागलं असतं. पण मग पुढच्या वेळी इमेज बदलली की पुन्हा तेच, म्हणून वेळेचा प्रदेश प्रोग्रामातच लिहायचा असं ठरलं:

```java
LocalDate today =
    LocalDate.now(clock.withZone(ZoneId.of("Asia/Kolkata")));
```

इथे `clock` बाहेरून देता येतं, त्यामुळे चाचणीत आपण हवी ती वेळ दाखवू शकतो. दिवसाढवळ्या दुरुस्ती तपासण्यात तर काही अर्थच नव्हता, कारण दिवसा जुना बिघडलेला प्रोग्रामही पासच होतो. म्हणून आम्ही घड्याळ `2025-06-12T20:30:00Z` वर, म्हणजे शुक्रवारी पहाटे दोनवर, थांबवून चाचणी लिहिली आणि ती आधी जुन्या प्रोग्रामावर, त्यात फक्त यूटीसीवरचं `clock` बाहेरून देण्याची सोय करून, चालवली. ती नापास झाली. मग नव्यावर चालवली, पास झाली. जुन्यावर नापास होताना पाहिल्याशिवाय मी ती चाचणी मोजली नसती. त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी यादी उघडली तेव्हा कोपऱ्यात 16 जून दिसलं. शेजारच्या खोलीत आमच्या सासूबाई जाग्या झाल्या आणि “दूध आलं का गं?” म्हणाल्या.

सोमवारी सकाळी अकराला मेल गेला. मालकांशी आमचा पत्रव्यवहार मराठीतच असतो. मेल जसाच्या तसा देते.

विषय: 13, 14 आणि 15 जूनच्या चुकीच्या वाटप याद्या: कारण, बाधित घरं आणि पुढची व्यवस्था

सप्रेम नमस्कार,

शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तिन्ही दिवशी आमच्या प्रणालीने तुम्हाला आदल्या दिवसाची वाटप यादी दिली. ही चूक पूर्णपणे आमची आहे. त्याबद्दल मी आमच्या टीमच्या वतीने तुमची माफी मागते. वाटप करणाऱ्या मुलांनी आणि सुपरवायझरांनी त्यांना मिळालेल्या यादीप्रमाणेच काम केलं. या तीन दिवसांतल्या चुकीच्या वाटपाच्या आम्ही तपासलेल्या एकाही नोंदीत त्यांचा दोष आढळला नाही.

काय झालं: गुरुवारी रात्री आम्ही सर्व्हरचा पाया बदलला. त्यानंतर सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेऐवजी साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर गेलं. यादी रात्री दोन वाजता बनते. त्या क्षणी सर्व्हरच्या मते आदला दिवसच चालू होता.

आमच्या तपासणीत हे का सुटलं: आम्ही यादी दिवसा तपासली. दिवसा दोन्ही वेळांची तारीख सारखीच असते, त्यामुळे ती बरोबर दिसली. आमचा चाचणीचा सर्व्हर रात्री बंद असतो, म्हणून रात्री दोनला यादी कशी बनते हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. हा निर्णय माझा होता.

कोणाला फरक पडला: 217 घरं. त्यातली 46 एक दिवसाआडची आणि 171 त्या दिवसांत खाडा, सुरुवात किंवा लिटरमध्ये बदल केलेली. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक घरापुढे कोणत्या दिवशी काय मिळायला हवं होतं आणि काय गेलं ते लिहिलं आहे. बिलात गुरुवारची यादी एकदाच धरली गेली आहे, प्रत्यक्षात ती दोनदा वाटली गेली. रविवारच्या तारखेची यादी बनलीच नाही, त्यामुळे त्या तारखेची बिलात नोंद नाही. आम्ही बिलांना हात लावलेला नाही. दुरुस्ती कशी करायची ते तुम्ही सांगाल तसं करू. या प्रकारात तुमच्या झालेल्या खर्चाबाबत आमचे मॅनेजर आज दुपारी तुम्हाला फोन करतील.

काय केलं आहे: रविवारी दुपारी दुरुस्ती झाली. आज पहाटेची 16 जूनची यादी मी 2:10 ला स्वतः तपासली, आणि ती बरोबर होती. यादी बनवताना आता प्रणाली सर्व्हरच्या घड्याळावर अवलंबून राहत नाही, नेहमी भारतीय वेळच धरते.

पुढे काय करत आहोत: चाचणीचा सर्व्हर आजपासून रात्री चालू राहील. कोणतंही रिलीज चाचणीच्या सर्व्हरवर एक पूर्ण रात्र चालून, सकाळी त्याची यादी तपासल्याशिवाय तुमच्याकडे येणार नाही. यामुळे प्रत्येक रिलीजला एक दिवस जास्त लागेल. मध्यरात्र, पहाटे दोन, 5:29 आणि 5:31 या चार वेळांच्या चाचण्या आपोआप चालणाऱ्या संचात आज घातल्या आहेत. शुक्रवारपर्यंत यादीच्या कामात एक अडसर बसवू: बनलेल्या यादीची तारीख त्या दिवसाची नसेल तर यादी बाहेर जाणारच नाही आणि आमच्या पाळीवरच्या माणसाला फोन जाईल. साडेतीनच्या आत तुम्हाला यादी देणं ही त्याची जबाबदारी राहील.

अजून काय तपासायचं आहे: रात्री चालणारी आणखी चार कामं आहेत. त्यांत हीच चूक आहे का ते बुधवारी संध्याकाळपर्यंत तपासून तुम्हाला कळवते. तोपर्यंत त्यांच्याबद्दल मी खात्री देऊ शकत नाही.

या आठवड्याच्या शेवटी पालख्या शहरात येतील तेव्हा तुमच्या वाटपाच्या वेळा बदलतील याची आम्हाला कल्पना आहे. त्या दिवसांत आम्ही कोणतंही रिलीज करणार नाही.

आपली,
क्यूए लीड

मेल इथे संपला. त्यातलं ‘हा निर्णय माझा होता’ हे वाक्य मॅनेजरना खटकलं होतं. मी ठेवलं, कारण त्याशिवाय ‘रात्री सर्व्हर चालू ठेवू’ हे आश्वासन कोण देतंय तेच कळत नाही. आणि एक दिवस जास्त लागेल हेही मुद्दाम लिहिलं. उपायाची किंमत सांगितली नाही तर महिन्याभराने तेच म्हणतात, छोटासा तर बदल आहे, आजच टाका ना.

अडसराच्या बाबतीत आमच्यात वाद झाला होता. यादी अडवली आणि फोन उचलणारा झोपेत राहिला तर पहाटे डेपोत यादीच नसेल, आणि चुकीच्या यादीपेक्षा ते वाईट. शेवटी पाळी लावली, एक टेस्टर आणि एक डेव्हलपर, आणि पंधरा मिनिटांत फोन उचलला नाही तर मला.

बुधवारी दुसरा मेल लिहिला, तो लिहिताना हात थोडा जड झाला. चारपैकी तीन कामं ठीक होती. चौथं महिन्याच्या बिलाचं. ते दर महिन्याच्या 1 तारखेला रात्री एक वाजता चालतं आणि ‘गेल्या महिन्याचं’ बिल काढतं. 1 जुलैला रात्री एकला सर्व्हरच्या मते 30 जून असता, त्याचा गेला महिना म्हणजे मे, आणि 2,180 घरांना मे महिन्याचं बिल दुसऱ्यांदा गेलं असतं. अजून झालं नव्हतं, दुरुस्तही झालं होतं, कळवलं नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण सोमवारच्या मेलमध्ये कळवते म्हटलं होतं, म्हणून कळवलं, तारखांसकट.

मालकांचं सोमवारच्या मेलला उत्तर दोन ओळींचं होतं. मेलमधला मुलांबद्दलचा परिच्छेद त्यांनी छापून तिन्ही डेपोत लावला होता आणि कापलेली मजुरी परत दिली होती. खाली एक मागणी होती, जी आम्हाला कुणालाच सुचली नव्हती: “यादीवरची तारीख एवढी बारीक का? मोठी करा, आणि वार पण टाका. पोरं तारीख बघत नाहीत, वार बघतात.”

पुढच्या रिलीजमध्ये ते गेलं. एक रात्र थांबून.